जाणारी वाट



समजा, आपल्या शाळेतल्या एक बाई संध्याकाळी व्हिडिओ कॉलवरून मुलांना गणित शिकवीत आहेत. बाईंना सगळी मुले स्वच्छ दिसतात, त्यांचे बोलणेही नीट ऐकू येते. पण मुले मात्र ओरडतात, "बाई, तुमचं चित्र थांबलंय! आवाज तुटतोय!" बाई म्हणतात, "अरे, मी तर शंभरचा प्लॅन घेतलाय." आता हे शंभर कोठे गेले?

त्याचे असे आहे. इंटरनेटला दोन वाटा असतात. एक आपल्या घरी येणारी, तिला डाऊनलोड म्हणतात. दुसरी आपल्या घरून जाणारी, ती अपलोड. शेतात पाणी आणणारा पाट रुंद असावा आणि निचऱ्याची चारी अरुंद असावी, तसेच पुष्कळ जोडण्यांत असते. जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा येणाऱ्या वाटेचाच असतो. बाईंना मुले दिसतात ती येणाऱ्या वाटेने, पण बाईंचा चेहरा आणि फळा मुलांकडे जातो तो जाणाऱ्या वाटेने. म्हणून ही खूण ध्यानात ठेवा : आपल्याला समोरचे नीट दिसते, पण समोरच्या साऱ्यांनाच आपण तुटक दिसतो, तर दोष बहुतेक आपल्या अपलोडचा.

हा भेद आला कोठून? लोक पाहतात जास्त आणि पाठवतात कमी, या हिशेबाने कंपन्या वाटेचा मोठा हिस्सा येणाऱ्या बाजूला देतात. मोबाइलच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मनोऱ्याचा आवाज दांडगा, तर आपल्या हातातल्या फोनचा क्षीण. मनोरा दूर असला की त्याचे म्हणणे आपल्याला पोचते, पण आपले त्याला नीट पोचत नाही.

आता बाईंचाच हिशेब मांडून पाहू. त्यांचा प्लॅन डाऊनलोड १०० Mbps आणि अपलोड ५ Mbps असा आहे. स्पष्ट चित्राच्या एका कॉलला पाठवण्यासाठी साधारण तीन Mbps लागतात. म्हणजे एकटीचा वर्ग निभावेल. पण त्याच वेळी मुलगा दुसऱ्या खोलीत कॉलवर बसला, की तीन आणि तीन सहा झाले, आणि वाट पाचाचीच!

शिवाय एक छुपा वाटेकरी असतो, तो म्हणजे क्लाउड बॅकअप. फोनमधली छायाचित्रे आणि कागदपत्रे यांची प्रत दूरच्या संगणकांवर ठेवायची, म्हणजे फोन हरवला तरी ती वाचतात. ही प्रतही जाणाऱ्या वाटेनेच जाते. बाईंच्या फोनमध्ये २० GB साठा आहे. इथे एक मेख आहे. साठा बाइटमध्ये मोजतात आणि वेग बिटमध्ये, आणि एका बाइटचे आठ बिट होतात. म्हणून २० ला ८ ने गुणा : १६० गिगाबिट, म्हणजे १,६०,००० मेगाबिट. याला ५ ने भागले की ३२,००० सेकंद, जवळजवळ नऊ तास! मध्ये वीज गेली तर आणखी लांबेल, आणि तेवढ्यात फोन बिघडला तर न गेलेली छायाचित्रे गेलीच म्हणायची. अपलोड ४० Mbps असते, तर हेच काम तासा-सव्वातासात उरकले असते.

तेव्हा प्लॅन निवडताना काय करावे? विक्रेत्याला सरळ विचारावे, "अपलोड किती?" शंभर आणि पाच असा प्लॅन, आणि येता-जाता दोन्हीकडे चाळीस असा दुसरा प्लॅन, यांत बाईंना दुसराच सोयीचा. 'पर्यंत' हा शब्द आकड्याजवळ दिसला तर तो कमाल वेग समजावा, रोजचा नव्हे. ठरलेला साठा संपल्यावर वेग किती उरतो, तेही विचारावे. कारण चढवलेला मजकूरही बहुधा त्याच साठ्यात धरतात.

शेजाऱ्याकडे तीच जोडणी असेल तर उत्तमच. रात्री आठ-नऊच्या सुमारास, गर्दीच्या वेळी, राउटरजवळ बसून वेगाची चाचणी तीनदा घ्यावी आणि पडद्यावर Upload या शब्दाखालचा आकडा वाचावा. तिन्हींत जो सर्वांत लहान, त्यावर भरवसा ठेवावा.

आणि जोडणी बदलणे आज शक्य नसेल, तर निदान बॅकअपची वेळ रात्री झोपल्यानंतरची ठेवावी आणि वर्गापुरते घरातल्या इतर फोनांचे बॅकअप थांबवावे. बाईंनी एवढे केले, तर त्याच पाच Mbps मध्येही मुलांना फळा वाचता येईल.