काला अंबच्या रस्त्यावरची मुलं



काला अंब म्हणजे काय, हे मराठी घरात समजावून सांगावं लागत नाही. 14 जानेवारी 1761 ला पानिपतची तिसरी लढाई झाली. त्या रणभूमीवर आंब्याचं एक झाड होतं, असं इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. झाड केव्हाच गेलं. आता तिथं स्तंभ आहे, सभोवती बाग आहे, आणि दरवर्षी संक्रांतीला महाराष्ट्रातून गाड्या भरभरून माणसं तिथं माथा टेकायला येतात. मी पानिपतला राहते. या येणाऱ्या माणसांबद्दल मला फार आपुलकी आहे. पण आज मला बोलायचंय ते स्मारकाबद्दल नाही, तिकडच्या रस्त्याबद्दल. संक्रांतीला येणाऱ्यांना त्या रस्त्याचं खरं रूप दिसतच नाही, कारण हरियाणातल्या शाळांना साधारणपणे 1 ते 15 जानेवारी थंडीची सुट्टी असते. सुट्टी संपली की त्याच रस्त्यावर सकाळी दप्तरं घेतलेली मुलं दिसतात. रस्त्याच्या कडेला नव्हे, डांबरावर. धुकं अजून ओसरलेलं नसतं. सुताचे गठ्ठे कडेबाहेर येईतो लादलेल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरमागून येत असतात. पानिपत हे सुताचं, चादरींचं, सतरंज्यांचं गाव, तेव्हा अशी वाहतूक थांबणार नाही आणि थांबावी असंही कुणी म्हणणार नाही. मुलांना चालायला जागा हवी, एवढंच.

याच विषयावर मी इथल्या एका हिंदी दैनिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. त्या पत्रात काय लिहिलं आणि का लिहिलं, ते तुम्हाला सांगते. कारण असे रस्ते मिरजेला आहेत, बार्शीला आहेत, बेळगावच्या वेशीवरही आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे, “फूटपाथ नाहीसा झाला” अशी तक्रार केली की खात्याकडून उत्तर येतं, “तिथे फूटपाथ कधी नव्हताच.” आणि ते उत्तर खरं असतं. शहराबाहेरचा रस्ता आखताना नकाशात मध्ये डांबराचा पट्टा असतो आणि दोन्ही बाजूंना मातीची किंवा मुरमाची साइडपट्टी असते. फूटपाथ त्या आखणीत धरलेलाच नसतो. रस्ता झाला तेव्हा दोन्हीकडे शेतं होती, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. मग शहर सरकत आलं, घरं झाली, दुकानं झाली, शाळा झाली, पण रस्त्याची आखणी शेतातल्या रस्त्याचीच राहिली. काला अंबचा परिसर असाच शहर आणि खेडं यांच्या सीमेवर आहे. म्हणून पत्रात मी फूटपाथाचं नाव उशिरा घेतलं. आधी साइडपट्टीबद्दल लिहिलं, कारण ती कागदावर आहे, तिची जबाबदारी कुणाला नाकारता येत नाही.

आता ही साइडपट्टी नुसती चालत पाहून कळत नाही, खाली बसून पाहावी लागते. दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर येतो. एकेक थर चार-पाच सेंटीमीटरचा. थर पडला की डांबर वर जातं आणि बाजूची माती जिथल्या तिथं राहते. नियमाप्रमाणे डांबरीकरणाबरोबरच साइडपट्टीवर भर घालून, पाणी मारून, रोलर फिरवून ती डांबराच्या पातळीला आणायची असते. पण ते काम सगळ्यांत शेवटी येतं आणि सगळ्यांत आधी सुटतं. मी जिथलं लिहिलं तिथं डांबराची कड मातीपेक्षा चार बोटं वर आली होती. मोठ्या माणसाला चार बोटांची पायरी जाणवतही नाही. पण पाठीवर दप्तर असलेलं आठ वर्षांचं मूल तिथं अडखळतं. सायकलचं चाक त्या कडेला घासलं की सायकल आडवी होते, आणि पडताना ती डांबराच्या बाजूलाच पडते. त्यात पावसाचं पाणी डांबरावरून घसरून त्या खोलगटात साठतं. नुसती ओली माती असती तर मुलं तीतून गेली असती, पण डबकं असलं की जात नाहीत. बूट भिजले की शाळेत दिवसभर ओले पाय घेऊन बसावं लागतं, हे त्यांना पक्कं माहीत असतं. मुलं बेशिस्त आहेत म्हणून डांबरावर येत नाहीत. साइडपट्टी त्यांना वर ढकलते.

जिथं वस्ती दाट आहे तिथं दुसरा प्रकार दिसतो. तिथं गटार बांधलेलं असतं आणि त्यावर सिमेंटची झाकणं टाकून तोच फूटपाथ समजला जातो. कल्पना वाईट नाही. अडचण अशी की गटार उपसायला झाकणं उचलली जातात, गाळ तिथंच बाजूला टाकला जातो आणि एखादं झाकण परत बसतच नाही. सलग शंभर मीटर झाकणं नीट असली आणि मध्ये एकच नसलं, तर मूल आधीपासूनच डांबरावरून चालायला लागतं. अर्ध्या वाटेत उतरण्यापेक्षा ते सुरुवातीलाच उतरतं. म्हणून “एकच तर झाकण नाही” या म्हणण्याला अर्थ नाही.

मुलांनी डांबरावर चालण्याचं मोल किती, ते वेगावरून समजतं. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर जाते. चालकाला मूल दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तो एक सेकंद गेलेला असतो. पुढे गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी तेवढंच अंतर लागतं, म्हणजे एकूण 28 मीटरच्या आसपास. तीच गाडी ताशी 30 च्या वेगानं असली तर 13-14 मीटरमध्ये थांबते. धुक्यात 20 मीटरवरचं मूल दिसलं, तर त्याचं काय होणार हे या दोन आकड्यांतच ठरलेलं असतं. भरलेल्या ट्रॉलीला तर याहून जास्त अंतर लागतं. आपल्या देशात 2022 साली रस्ते अपघातांत 32,825 पादचारी मरण पावले, म्हणजे रस्त्यावर गेलेल्या दर पाच जिवांमागे जवळपास एक पायी चालणारा होता.

पत्रात मी भावनेचं फार लिहिलं नाही. भावना होती, पण संपादकांना आणि त्यांच्यामागून वाचणाऱ्या अभियंत्याला जागा सापडली पाहिजे. म्हणून कुठल्या वळणापासून कुठल्या दुकानापर्यंत हे लिहिलं, सकाळची आणि दुपारची शाळेची वेळ लिहिली, कडेची उंची मोजून लिहिली, आणि कडेवर मोजपट्टी उभी धरून काढलेला फोटो जोडला. मुलांचे चेहरे दिसतील असा फोटो जाणूनबुजून दिला नाही. मागणी क्रमाने लावली. साइडपट्टी भरून डांबराच्या पातळीला आणणं हे काही दिवसांचं काम आहे, म्हणून ते आधी. मग उघड्या गटारावर झाकणं. मग शाळेच्या तोंडाशी वेग कमी करायची व्यवस्था आणि त्याचा फलक. आणि शेवटी, वस्तीच्या टप्प्यात उंच कडेचा कायमचा फूटपाथ.

या शेवटच्या मागणीला आधार आहे. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था. पायी चालणाऱ्यांसाठीच्या तिच्या मार्गदर्शक सूचनांत फूटपाथाची चालण्याजोगी मोकळी रुंदी कमीत कमी 1.8 मीटर धरली आहे, आणि कडेची उंची 15 सेंटीमीटरहून अधिक नको असं म्हटलं आहे. रुंदी मोजताना खांब, फलक, झाडाचं आळं आणि दुकानाची पायरी वजा करायची असते. तीन मीटरच्या फूटपाथावर मधोमध विजेची पेटी असली तर मुलांच्या वाट्याला ते 1.8 मीटरही सलग उरत नाहीत. उंचीचंही तसंच. पाणी चढू नये म्हणून फूटपाथ गुडघ्याएवढा बांधला की आजी तिथं चढत नाही, आणि आजीच्या हातातला नातूही मग खालूनच चालतो.

पत्रानं काय होतं, असं मला इथं अनेकांनी विचारलं. मुंबईचं एक उदाहरण त्यांना सांगते. 2013 साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी शहरातल्या रस्त्यांच्या दुर्दशेबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. न्यायालयानं त्या पत्राचीच जनहित याचिका केली. तिच्यावर 2015 साली न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठानं म्हटलं की, धड स्थितीतले रस्ते आणि फूटपाथ मिळणं हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या 21 व्या कलमाचा भाग आहे. पुढे ओक सर्वोच्च न्यायालयात गेले. निवृत्तीच्या थोडेच दिवस आधी, 14 मे 2025 ला, त्यांच्या खंडपीठानं फूटपाथाबद्दल हेच देशभरासाठी सांगितलं आणि पादचाऱ्यांसाठी मार्गदर्शक धोरण आणायला बजावलं. म्हणजे आज पानिपतच्या रस्त्याला जो कायदा लागू आहे, त्याच्या मुळांपैकी एक मुंबईत लिहिलेल्या पत्रात आहे. अर्थात ते पत्र न्यायमूर्तींचं होतं, माझं एका रहिवासी बाईचं आहे. पण मी पत्रात त्या दोन्ही निकालांची नावं आणि वर्षं घातली, कारण निकालाचा उल्लेख असला की कागद फाइलमध्ये नुसता पडून राहणं अवघड होतं.

पत्र छापून आलं, जागेअभावी थोडं कापून. छापील पत्राची प्रत मी रस्त्याचं काम पाहणाऱ्या कार्यालयाला पाठवली, तेव्हा पहिलं उत्तर आलं की हा टप्पा आमच्याकडे नाही. असं उत्तर आलं तर रागावून सोडून देऊ नका. त्याच कागदावर “मग कुणाकडे आहे, ते लेखी कळवा” असं लिहून परत द्या आणि पोच घ्या. रस्ता राज्याच्या बांधकाम खात्याचा, महापालिकेचा की राष्ट्रीय महामार्गाचा, हे त्यांच्या नोंदवहीत असतंच. हे एकदा लेखी हातात आलं की पुढचं पत्र भरकटत नाही.

संक्रांतीला येणाऱ्या माझ्या मराठी मंडळींना एक विनंती आहे. गाड्या साइडपट्टीवर लावू नका. पावसानंतर मऊ झालेली पट्टी बसच्या चाकानं एका दिवसात दबते, आणि 16 तारखेपासून त्याच खड्ड्यातून मुलांना जायचं असतं. थोडं लांब लावा आणि चालत या.

आणि ज्यांच्या गावात असं काम मंजूर होईल, त्यांनी काम संपल्याच्या दिवशी ते पाहू नये. त्या दिवशी साइडपट्टी नेहमीच सपाट दिसते. पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर जावं. नुसती माती ओढून वरून रोलर फिरवला असेल तर ती धुऊन गटारात गेलेली असते आणि डांबराची कड परत उघडी पडते. मुरूम घालून थराथरानं दाबलेली पट्टी तशीच राहते. कडेवर चपलेची टाच ठेवून पाहिलं तरी कळतं. टाच खाली उतरली, तर बिल अदा होण्याआधी दुसरं पत्र गेलं पाहिजे. कामाच्या दोषाची दुरुस्ती ठेकेदाराकडून करून घ्यायची मुदत करारात असते, आणि ती मुदत किती हे त्याच कार्यालयात विचारता येतं.