बिलाची ओळ उजवीकडून वाचा



उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांकडे कापड, झिप आणि दोरा निरनिराळ्या व्यापाऱ्यांकडून येतो. माल टेम्पोने येतो आणि बिल व्हॉट्सॲपवर, पीडीएफ होऊन. कारखानदाराला हवा असतो साधा तक्ता: वस्तू, नग, दर, रक्कम. म्हणून हिशेब लिहिणारा पीडीएफमधला मजकूर कॉपी करतो, एक्सेलमध्ये चिकटवतो, आणि पडद्यावर नुसता गिचका उमटतो. त्या गिचक्यातून तक्ता कसा काढायचा, ते आज सांगतो.

आधी गिचका का होतो ते पाहू. पीडीएफमध्ये बहुधा तक्ता नसतोच. कोणतं अक्षर पानावर कुठे छापायचं, एवढीच नोंद तिथे असते. उभ्या-आडव्या रेघा म्हणजे वेगळं चित्र. आपण कॉपी करतो तेव्हा अक्षरं येतात, रेघा मागे राहतात. मग एका मालाची सगळी माहिती एका ओळीत, मध्ये फक्त मोकळी जागा सोडून येते. नमुन्यादाखल तीन ओळी घेऊ:

```
1 Denim Fabric 10 oz 58 inch 5209 120.50 MTR 165.00 MTR 19,882.50
2 Metal Zip No. 5 6 inch 9607 500 PCS 8.50 PCS 4,250.00
3 Sewing Thread 5000 m cone 5508 24 PCS 95.00 PCS 5 % 2,166.00
```

एक्सेलमध्ये ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ नावाची सोय आहे. मोकळी जागा दिसली की तिथे ती ओळ तोडते. या तीन ओळींवर ती चालवून पाहा. डेनिमच्या नावात सहा शब्द, झिपच्या नावातही तितकेच, पण दोऱ्याच्या नावात पाचच. एखाद्या मालाचं नाव दोन शब्दांचं असतं, एखाद्याचं आठ. त्यामुळे एका ओळीतला नग पाचव्या रकान्यात पडतो, दुसरीतला अकराव्या. डावीकडून पहिला आकडा म्हणजे नग, असं धरलं तर अनुक्रमांकच नग ठरतो. तो सोडून पुढे गेलात, तर झिपचे पाच नग होतात. तो पाच म्हणजे खरं तर झिपचा नंबर, आणि सहा ही तिची इंचातली लांबी.

उपाय असा की ओळ उजवीकडून वाचायची. मालाचं नाव हा ओळीतला एकच भाग असा आहे, ज्याची लांबी बेभरवशाची. बाकी सगळं ठरलेलं असतं. वस्तू व सेवा कर नियमांतला नियम 46 बिलावर काय असलंच पाहिजे ते सांगतो: मालाचं वर्णन, एचएसएन कोड, नग आणि त्याचं एकक, करपात्र रक्कम. रकान्यांचा क्रम मात्र तो सांगत नाही, म्हणून प्रत्येक व्यापाऱ्याचा क्रम एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावा लागतो. आपल्या नमुन्यात शेवटचा आकडा रक्कम. तिच्या आधी असेल तर सूट. त्याआधी दराचं एकक, मग दर, मग नगाचं एकक, मग नग, मग एचएसएन. एवढं काढून घेतलं की उरतं ते नाव, मग ते दोन शब्दांचं असो की दहा. गूगल शीट्समधल्या REGEXEXTRACT या सूत्राला हाच क्रम लिहून दिला, की शेकडो ओळी त्याच पद्धतीने सुटतात.

आता तिसरी ओळ नीट बघा. दोऱ्याच्या कोनवर पाच हजार मीटर दोरा आहे. 5000 हा चार अंकी आकडा आणि एचएसएनही चार अंकी, 5508. नुसता चार अंकी आकडा शोधायला सांगितलं, तर सूत्र 5000 ला कोड समजेल. म्हणून अट पूर्ण घालायची: चार ते आठ अंकांचा आकडा, त्याच्या लगेच मागे नग, आणि नगाच्या मागे तीन अक्षरी एकक. 5000 च्या मागे नग नाही, m आहे. ती जागा आपोआप बाद होते.

तक्ता तयार झाला की बेरीज करून बघा. बेरीज शून्य आली, तर आकडे अजून मजकूर म्हणूनच बसले आहेत. रकान्यात ते डावीकडे चिकटलेले दिसतात. स्वल्पविराम काढून त्यांचे खरे आकडे करून घ्यावे लागतात.

मग खरी तपासणी. प्रत्येक ओळीत नग गुणिले दर करायचं आणि छापील रकमेशी ताडायचं. 120.50 गुणिले 165 म्हणजे 19,882.50. जुळलं. पाचशे झिपा साडेआठ रुपयांनी 4,250. जुळलं. दोऱ्याचं मात्र 24 गुणिले 95 म्हणजे 2,280 येतं, आणि बिलात 2,166. फरक 114 रुपयांचा, म्हणजे बरोबर पाच टक्के. चूक नाही, सूट आहे. तिला वेगळा रकाना द्या. शेवटी तिन्ही रकमांची बेरीज, 26,298.50, ही बिलाच्या करपात्र रकमेशी जुळवायची, तळाच्या एकूण रकमेशी नाही. तळाच्या रकमेत कर आणि राउंड ऑफ मिसळलेलं असतं.

गुणाकार जुळला नाही, तर फरक किती पट आहे ते पाहा. त्यावरूनच दुखणं कळतं. अंबरनाथच्या एमआयडीसीत रसायनं किलोवर येतात आणि वजन तीन दशांशांपर्यंत छापलं जातं. 1.250 म्हणजे सव्वा किलो. ते 1,250 वाचलं गेलं, तर गुणाकार हजारपट चुकतो. फरक हजारपट दिसला की टिंब आणि स्वल्पविराम यांची गल्लत झाली, हे लगेच ओळखता येतं.

बदलापुरात इमारती उभ्या राहताहेत, तिथे फरशीचं बिल पाहा. नग 10 बॉक्स, दर 45, रक्कम 6,975. दहा गुणिले पंचेचाळीस तर साडेचारशेच. 6,975 ला 450 ने भागा, साडेपंधरा येतात. एका बॉक्समधल्या चार फरशा मिळून साडेपंधरा चौरस फूट होतात आणि दर चौरस फुटाचा आहे. नगाचं एकक एक, दराचं दुसरं. म्हणून ही दोन्ही एककं वेगवेगळ्या रकान्यांत ठेवायची. दोन्ही एकच समजून एखादं टाकून द्यायचं नाही.

नाव लांब असलं, की ते दुसऱ्या ओळीवर उतरतं. त्या ओळीला पुढे अनुक्रमांक नसतो आणि मागे रक्कम नसते. अशी ओळ दिसली, की ती वरच्या नावाला जोडायची. कधी मात्र आधी सगळी नावं, मग सगळे नग, असा रकान्यामागून रकाना उतरतो. तिथे उजवीकडून वाचण्याचा उपयोग नाही. प्रत्येक गठ्ठ्यात किती नोंदी आहेत ते मोजून सगळे गठ्ठे सारखे असल्याची खात्री करायची, मग शेजारी शेजारी मांडायचे. आणि बिल हा फोटो असेल, तर आत मजकूरच नसतो. आधी तो अक्षर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढावा लागतो. त्यात आठाचा तीन झाला, तर गुणाकार तो पकडतो.

पण गुणाकाराला सगळंच पकडता येत नाही. मालाचं नाव चुकलं तर त्याला पत्ता लागत नाही. आणि नग व दर यांची अदलाबदल झाली, तरी उत्तर तेच येतं. 165 मीटर साडे-एकशेवीस रुपयांनी, किंवा साडे-एकशेवीस मीटर 165 रुपयांनी, कागदावर रक्कम एकच. कारखान्यात मात्र साडेचव्वेचाळीस मीटर कापडाचा फरक पडतो. त्यासाठी तक्त्यातला नग डिलिव्हरी चलनाशी आणि आलेल्या ताग्यांवरच्या मीटरच्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहा. ते काम संगणकासमोर बसून होत नाही, गोदामात जाऊनच करावं लागतं.