पुन्हा पुन्हा येणाऱ्या दोषाचे मूळ

(औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कारखान्यात दोन प्रकारचे दोष आढळतात. एक येतो आणि जातो. दुसरा मात्र दटावले की काही दिवस दडतो आणि पुन्हा डोके वर काढतो. आज मी या दुसऱ्या प्रकाराविषयीच बोलणार आहे. त्याचा शोध घेण्याच्या दोन पद्धती जपानमधून सर्वत्र पसरल्या. पहिली म्हणजे ‘का?’ हा प्रश्न एकामागून एक पाच वेळा विचारण्याची. टोयोटा मोटारींच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी ती रुजविली. दुसरी म्हणजे माशाच्या काट्याची आकृती. टोकियो विद्यापीठाचे प्राध्यापक काओरू इशिकावा यांनी 1943 साली कावासाकीच्या पोलाद कारखान्यातील अभियंत्यांना एका दोषामागील कारणांचा गुंता समजावून सांगताना ती प्रथम काढली. दोन्ही पद्धती आपण वर्गात शिकवतो. फळ्यावर त्या इतक्या सोप्या वाटतात, की प्रत्यक्षात त्या कोठे फसतात हे सांगावयाचे राहूनच जाते. म्हणून व्याख्या बाजूला ठेवून मी एकच प्रकरण सविस्तर सांगतो.

कोल्हापूर परिसरातील एका ओतशाळेतील ही हकिकत आहे. तेथे पंपाला लागणारा बिडाचा एक भाग ओतला जात असे. दिवसाला सुमारे दोनशे नग निघत. ओतलेला नग बाहेरून स्वच्छ दिसे. परंतु दोन-तीन दिवसांनी लेथवर त्याचा वरचा थर कापला, की आत मुगाच्या दाण्याएवढी गुळगुळीत छिद्रे दिसत. कामगार त्यांना ‘ब्लो होल’ म्हणतात. शंभरांत सात नग असे बाद होत. साचे घालणाऱ्या कामगारांना, म्हणजे मोल्डरांना, नगावर मजुरी होती आणि बाद नगाची मजुरी कापली जाई. त्यामुळे हा प्रश्न केवळ बिडाच्या नासाडीचा नव्हता. चार-पाच घरांच्या मिळकतीचा होता.

छिद्रे कशाने पडतात, हे तेथे सर्वांनाच ठाऊक होते. साच्याची वाळू बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी घालून मळलेली असते. तीत पाणी अधिक झाले, की सुमारे 1350 अंशांच्या रसाने त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली म्हणजे ते सोळाशेपटींहून अधिक जागा मागते. तिला वाळूतून वाट मिळाली नाही, तर ती रसात शिरते आणि रस थिजताना तेथेच अडकते. तेव्हा दोष पाण्याचा, पाणी घालणारा मनुष्य निष्काळजी, असा निकाल लागला होता. मळणीयंत्रावरील कामगाराला ताकीद मिळे, पंधरा दिवस छिद्रे कमी होत आणि पुन्हा मूळपदावर येत. असे तीनदा घडले होते.

येथे पहिली चूक ध्यानात घ्या. ‘का?’ हा प्रश्न विचारला गेला होता. पण उत्तर एका माणसापाशी येताच तो थांबला. माणसाच्या स्वभावापाशी थांबलेले उत्तर पुढे नेता येत नाही, कारण त्यावर ताकीद देण्यापलीकडे काही करता येत नाही.

आम्ही प्रथम ना काटा काढला, ना प्रश्न विचारले. प्रथम मोजले. दोष तिसऱ्या दिवशी कळत असल्याने तो नग कोणत्या वेळी ओतला, याचा मागमूस उरत नसे. म्हणून दर दोन तासांना निराळा आकडा साच्यात दाबून उमटवावा, असे ठरविले; तो आकडा नगावर आपोआप येतो. सहा दिवसांत बाराशे नगांपैकी चौऱ्याऐंशी बाद झाले. सकाळी आठ ते बारा या वेळेतील नग त्यांत फक्त सोळा होते. उरलेले अडुसष्ट जेवणाच्या सुटीनंतरचे होते. सकाळी आणि दुपारी माणसे तीच, यंत्रे तीच, बीडही तेच होते. आता प्रश्न ‘छिद्रे का पडतात’ असा राहिला नाही. तो ‘दुपारनंतरच छिद्रे का पडतात’ असा झाला. प्रश्न अशा रीतीने अरुंद केल्याखेरीज माशाची आकृती काढू नये, असे माझे मत आहे. नाहीतर तिच्यात जगातील सर्व कारणे मावतात आणि हाती काहीच लागत नाही.

नंतर आकृती काढली. उजवीकडे माशाचे डोके, त्यात दोष लिहावयाचा. मधला लांब काटा डोक्याकडे जाणारा. त्याला तिरपे जोडलेले मोठे काटे म्हणजे कारणांची घराणी: माणूस, यंत्र, माल, कामाची रीत, मोजमाप आणि परिसर. (कोकणातील मित्रांना मी पापलेटाचा काटा आठवा, एवढेच सांगतो.) काढताना मोल्डर, मळणीयंत्रावरचा कामगार, भट्टीवाला आणि प्रयोगशाळेतील सहायक अशा सर्वांना बसविले. साहेबांनी खोलीत बसून काढलेल्या आकृतीत साहेबांना ठाऊक असलेलीच कारणे येतात. काटा कारण सिद्ध करीत नाही. तो फक्त संशयितांची नावे देतो. प्रत्येक नावापुढे आम्ही एकच प्रश्न ठेवला: हे सकाळी एक आणि दुपारी निराळे असते काय? बिडाची घटना, फर्म्याची झीज, गाभ्याची भाजणी ही नावे त्या प्रश्नाने गळाली. तीन उरली: दुपारचा थकवा, वाळूतील पाणी आणि वाळूची उष्णता.

पाण्याच्या बाबतीत प्रयोगशाळेच्या सहायकाने नोंदवही पुढे केली. रोज साडेतीन टक्क्यांच्या आसपास, अगदी हवे तसे. परंतु ती चाचणी सकाळी आठ वाजता, दिवसातून एकदा होत असे. चाचणी साधी आहे: पन्नास ग्रॅम वाळू सुमारे 110 अंशांवर सुकवावयाची आणि घटलेले वजन पाहावयाचे. सकाळी पावणेदोन ग्रॅम घट येई. त्या दिवशी तीन वाजता मळणीयंत्रातून निघालेली वाळू झाकणबंद डब्यात नेऊन पाहिली, तेव्हा घट दोन पूर्णांक चार दशांश ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाच टक्के पाणी निघाले. दुपारी चाचणी का होत नव्हती? वहीत रकानाच एक होता.

आता ‘का’ची साखळी सुरू झाली. दुपारी पाणी जास्त का? मळणीयंत्रावरचा कामगार ते मुद्दाम जास्त घालीत होता. का? तो म्हणाला, “साहेब, नेमके पाणी घातले तर वाळू साच्यापर्यंत पोचेतो कोरडी होते, कडा ढासळतात आणि मोल्डर माझ्या नावाने ओरडतात.” त्याचे म्हणणे खरे होते. ताकीद मिळाली की तो पाणी कमी करी, छिद्रे घटत. पण त्याच पंधरवड्यात वाळू सुटून नगात शिरल्याचा दोष वाढे. तो दुसऱ्या सदराखाली मोजला जात असल्याने दोहोंचा संबंध कोणी जोडला नव्हता. ज्याला आपण निष्काळजी ठरविले, तो वस्तुतः दोन दोषांमधून वाट काढीत होता.

वाळू वाटेत कोरडी का होते? कारण ती गरम होती. तापमापक खुपसून पाहिला: सकाळी 32 अंश, तीन वाजता साठाच्या वर. पन्नास अंशांपलीकडे वाळू नीट मळली जात नाही. तिच्यातील पाणी उडते आणि तीच वाफ थंड गाभ्यावर जाऊन दवासारखी बसते, हा आणखी एक उपद्रव. वाळू इतकी गरम का? नग फोडून काढलेली वाळू तासाभरातच पुन्हा साच्यात येत होती, तिला निवावयास वेळच नव्हता. वेळ का नव्हता? वाळू साठविण्याच्या दोन टाक्यांपैकी एक बंद होती. त्यामुळे निम्मीच वाळू दिवसभर फिरत होती. टाकी बंद का? गेल्या पावसाळ्यात ओल्या वाळूने तिचे तोंड चोंदले, ठोकताना झडप वाकली, आणि दुरुस्ती राहून गेली. का राहिली? दुरुस्ती विभागाच्या वहीत केवळ उत्पादन थांबविणारे बिघाड लिहिले जात. एका टाकीवर उत्पादन चालूच होते; म्हणून वहीच्या दृष्टीने बिघाड नव्हताच.

प्रश्न पाच झाले की सहा, याला महत्त्व नाही. जेथे एखादी रीत, नोंद किंवा वस्तू बदलता येते आणि ती बदलल्याने दोष परत येणार नाही, तेथे थांबावे. साखळी तपासण्याची सोपी युक्ती अशी, की ती तळापासून ‘म्हणून’ लावून उलट वाचावी: टाकी बंद होती म्हणून वाळू लवकर परतली, म्हणून ती गरम राहिली, म्हणून पाणी वाढवावे लागले. कोठे अडखळले, तर तो दुवा कच्चा समजावा.

तथापि सुसंगत वाचली जाणारी साखळी खरी असतेच असे नाही. थकव्याचा संशय अजून फिटला नव्हता. त्यालाही दुपारच शोभते. म्हणून एका दुपारी त्याच मोल्डरांना अंगणात निवत ठेवलेली वाळू आणि नेमके पाणी दिले. शंभर नगांत दोन बाद. दुसऱ्या दुपारी पुन्हा नेहमीची वाळू: अकरा बाद. ही अदलाबदल आणखी दोनदा केली, तेव्हा दोष वाळूमागे गेला, माणसामागे नाही. मग जुनी बाद नगांची वही उघडली. टाकी बंद होण्यापूर्वी शंभरांत दोन-तीनच नग बाद होत होते. ‘हे केव्हापासून?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता, तर आमचे काही आठवडे वाचले असते, हे मला मान्य करावयास हवे.

झडप बदलली. मळणीयंत्रापाशी तापमापक बसविला; पन्नास अंशांवरील वाळू साच्याला द्यावयाची नाही, असे ठरले. प्रयोगशाळेच्या वहीत दुपारी दोनचा रकाना आला. दुरुस्तीच्या वहीत ‘चालू, पण अपुरे’ असे नवे सदर घातले. पहिल्या आठवड्यातच त्यात सात नोंदी झाल्या.

बाद नग शंभरांत दोनवर आले, शून्यावर नव्हे. उरलेल्या दोहोंत छिद्रे निराळ्या जागी, गाभा तोलून धरणाऱ्या लोखंडी टेकूंच्या भोवती होती. ते टेकू गंजलेले निघाले. तो दुसरा मासा होता आणि त्याची आकृती निराळी काढावी लागली. एका आकृतीत दोन दोष घातले असते, तर दोन्ही सुटले नसते.

राहिला मजुरीचा प्रश्न. टाकी बंद झाल्याची तारीख वहीत सापडली होती, आणि त्यापूर्वीचे प्रमाणही. त्या प्रमाणापेक्षा जितके नग जास्त बाद धरले गेले, तितक्यांची कापलेली मजुरी मोल्डरांना दोन हप्त्यांत परत देण्यात आली. मळणीयंत्रावरच्या कामगाराला दिलेल्या तीन लेखी ताकिदी मात्र त्याच्या कागदपत्रांतून काढावयास आणखी वर्ष गेले.