दार, धार आणि तार : ध्वनिभेदांचा कार्यभार
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



तंजावर, कुंभकोणम, मन्नारगुडी या कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील आपल्या घरांमध्ये मराठी बोलली जाते. परंतु पुष्कळांना लिहिता येते ती तमिळ लिपी. समजा, एखाद्या आजीने सुनेच्या माहेरी तमिळ लिपीत मराठी पत्र धाडले आणि त्यात लिहिले, ‘पोरीवर फार भार टाकू नका.’ तमिळ वर्णमालेत प, फ, ब, भ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. त्यामुळे कागदावर उमटते ते ‘पार पार’. वाचणाऱ्याने काय समजावे? उलट तिने ‘गाईची धार काढली’ असे लिहिले, तर ‘धार’ आणि ‘तार’ यांचे अक्षर एकच असूनही कोणी अडत नाही. गाय आणि ‘काढली’ हे शब्द अर्थ सांभाळून घेतात.

एखादा ध्वनिभेद भाषेत किती ओझे वाहतो, हे मोजण्याचा प्रश्न येथूनच सुरू होतो. प्राग येथील भाषाशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही कल्पना मांडली आणि फ्रेंच पंडित आंद्रे मार्तिने यांनी १९५५ च्या आपल्या ग्रंथात तिचा विस्तार केला. मराठीत आपण तिला ‘भेदाचा कार्यभार’ म्हणू. मोजण्याची रीत साधी आहे. भाषेतील शब्दांची यादी घ्यावी, एक भेद पुसून टाकावा आणि त्यामुळे किती वेगळे शब्द एकरूप झाले, ते मोजावे. ज्या दोन शब्दांत केवळ त्या भेदापुरतेच अंतर आहे, ती एक जोडी. जोड्या जितक्या अधिक, तितका कार्यभार अधिक.

आपण हे येथेच करून पाहू. खार, गार, घार, तार, दार, धार, पार, फार, बार, भार असे दहा शब्द घ्या. यातील महाप्राणाचा, म्हणजे ‘ह’ मिसळल्यासारख्या उच्चाराचा, भेद पुसला तर गार-घार, दार-धार, पार-फार, बार-भार या चार जोड्या कोसळतात आणि दहा शब्दांचे सहा उच्चार उरतात. महाप्राण ठेवून घोष-अघोष हा भेद पुसला, तरीही खार-घार, तार-दार, पार-बार, फार-भार अशा चार जोड्या जातात आणि पुन्हा सहाच उच्चार उरतात. दोन्ही भेद एकदम पुसले, तर मात्र दहांचे तीनच उच्चार राहतात! तमिळ लिपी आपल्या मराठीचे करते ते नेमके हेच. तमिळ भाषेला याची झळ लागत नाही, कारण तिच्या मूळच्या शब्दांत महाप्राण नाहीत आणि घोष-अघोष बहुधा स्थानावरून ठरतो : शब्दारंभी अघोष, अनुनासिकानंतर घोष. जे स्थानावरूनच कळते, ते वेगळ्या अक्षराने सांगण्याची गरज तिला पडली नाही. संस्कृत स्तोत्रे तमिळ लिपीत छापताना मात्र अक्षराशेजारी २, ३, ४ असे बारीक अंक घालावे लागतात. कारण तेथे हे ओझे कोणी तरी उचललेच पाहिजे.

आता दुसरी लिपी पाहा. व्यंकोजीराजांपासून १८५५ साली राज्य खालसा होईपर्यंत तंजावरच्या दरबाराचे मराठी कागद मोडीत लिहिले गेले. सरस्वती महाल ग्रंथालयात ते आजही आहेत. मोडीने एक भेद सोडून दिला होता, तो ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा. ‘इ’ आणि ‘ई’ यांना सामान्यतः एकच खूण. तरीही कारभार अडला नाही. का? मराठीच्या स्वतःच्या शब्दांत हे ऱ्हस्व-दीर्घ बहुतांशी स्थानानेच ठरते : मूल पण मुलगा, कीड पण किडा. दिन-दीन, सुत-सूत अशा जोड्या आहेत, पण त्या थोड्या आणि बहुतेक संस्कृतातून आलेल्या. मोडीने क, ख, ग, घ मात्र कधी एक केले नाहीत. लिपी घडविणाऱ्यांनी जोड्या मोजल्या नसतील; पण कोणता भेद सोडला तर पत्र वाचता येईल, हे अनुभवाने त्यांना कळले होते.

एकाच भेदाचा कार्यभार सर्वत्र सारखा नसतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. शब्दान्ती महाप्राण असलेले दहा शब्द घेऊ : दूध, जीभ, लोभ, लाभ, शोध, मेघ, राख, वाघ, पाठ, साथ. शेवटचा महाप्राण काढला तर खऱ्या जोड्या लागतात तीनच : वाघ-वाग, पाठ-पाट, साथ-सात. त्यांतही ‘वाग’ हे क्रियापद आणि ‘सात’ ही संख्या, म्हणून वाक्यात गोंधळ क्वचितच. दोन्ही नामे असलेली जोडी एकच. आणि पाहा, मराठीने शब्दान्तीचा महाप्राण पूर्वीपासून पुष्कळ ठिकाणी टाकला आहे : हिंदीत ‘हाथ’, ‘भीख’, आपले ‘हात’, ‘भीक’. ‘दूध’ लिहून ‘दूद’ म्हणणारेही थोडे नाहीत.

मात्र जोड्या थोड्या म्हणून भेद गेला, असा निष्कर्ष घाईने काढू नये. शब्दान्ती महाप्राण कानाला मुळातच पुसट ऐकू येतो, हेही तितकेच सबळ कारण आहे. रॉबर्ट किंग यांनी १९६७ साली जर्मानिक भाषांच्या इतिहासावर ही कल्पना तपासली, तेव्हा तिला आधार मिळाला नाही. २०१३ साली वेडेल, कॅप्लन आणि जॅक्सन यांनी अनेक भाषांतील लुप्त व टिकलेल्या भेदांची संगणकाने तुलना केली. तेव्हा ज्यांच्यावर अधिक जोड्या अवलंबून होत्या ते भेद टिकण्याचा संभव अधिक दिसला. शिवाय एकाच व्याकरणवर्गातील जोड्यांचे वजन विशेष आढळले. म्हणजे ‘दार-धार’चे मोल ‘वाघ-वाग’हून जास्त. तरीही हा संभव आहे, नियम नव्हे.

घरातील मुलांचा उच्चार सुधारताना या मोजणीचा उपयोग आहे. तमिळ शाळेत शिकणाऱ्या मुलाला ‘ळ’ची धास्ती नको : ‘पुली’ म्हणजे वाघ आणि ‘पुळी’ म्हणजे चिंच, हा भेद ते शेजाऱ्यांकडूनच शिकते, आपले गाल-गाळ, वेल-वेळ त्याला सहज साधतात. उत्तरेकडे गेलेल्या घरांत मात्र नेमके हेच जपावे लागेल. आपल्याकडे खरे लक्ष द्यावयाचे ते शब्दारंभीच्या ख, घ, ध, फ, भ यांकडे. कारण तेथे शेजारची भाषा मदतीला येत नाही आणि ओझे तर सर्वांत जड. मूल ‘दूद’ म्हणाले तर वाटी पुढे करावी. ‘दार’ म्हणताना त्याला ‘धार’ म्हणावयाचे असेल, तर मात्र तेथे थांबून दोन्ही शब्द शेजारी ठेवून म्हणून दाखवावेत.