रात्रीची नक्कल, सकाळचा पडताळा

जिल्ह्याच्या संगणकातील शिधापत्रिकांच्या नोंदी रोज रात्री राज्याच्या संगणकात उतरविल्या जातात, असे समजू. सकाळी दोन्हीकडे ४८,२१० नोंदी भरल्या, म्हणजे नक्कल बिनचूक झाली काय? नाही. एखाद्या कुटुंबातील माणसे ४ ची ५ झाली, पण नकलेत जुनाच आकडा राहिला, तरी मोजणी जुळतेच.

म्हणून प्रत्येक नोंदीतील सर्व रकाने ठरावीक क्रमाने जोडून त्यांवरून एक पडताळा-संख्या, म्हणजे चेकसम, काढतात. नोंदीतील एक अंक बदलला तरी ती बदलते. अशी संख्या गाववार काढली, तर जे गाव जुळत नाही त्याच गावच्या नोंदी एकेक करून तपासाव्या लागतात.

मात्र जिल्ह्याकडील संख्या नक्कल ज्या क्षणाची, त्याच क्षणाची हवी; अन्यथा मागाहून केलेली दुरुस्ती चूक भासते. तारीख आणि रिकामा रकाना मांडण्याची रीतही दोन्हीकडे एकच असावी. नाहीतर सारख्याच नोंदी निराळ्या दिसतात.

एवढे करूनही एक मर्यादा उरते. मूळ नोंदच चुकलेली असेल, तर तीही हुबेहूब उतरते आणि चेकसम निमूटपणे जुळतो. ती चूक अर्ज हाती घेऊनच शोधावी लागते.