मोदकाची मात्रा कुणी कापली?



आजचा विषय पत्रिकेत वाचून काहींनी मला फोन केले. व्याख्यानमालेत रीलच्या कव्हरवर तासभर काय बोलणार, असं त्यांचं म्हणणं. मी आयुष्यभर मासिकांची पानं लावली. फोटो कुठे कापायचा यावरून छायाचित्रकारांशी भांडलो. आता माझ्याकडे घरगुती फराळ करणाऱ्या, साड्या विकणाऱ्या, पाककृती दाखवणाऱ्या मंडळींची पानं येतात आणि भांडण तेच असतं. फरक एवढाच, की कात्री आता माझ्या हातात नाही.

इन्स्टाग्रामचंच उदाहरण घेतो, कारण आपल्याकडे घरगुती व्यवसाय जास्त तिथे दिसतात. आणि एकच रील घेतो, उकडीच्या मोदकांची. ओळखीच्या एका वहिनींनी मागच्या गणपतीत ती टाकली. रील झकास होती. पण प्रोफाइल उघडल्यावर तीन रांगांच्या त्या खिडक्यांमध्ये तिच्या कव्हरवर वाचायला येत होतं, ‘उकडाच मादक’. नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

झालं काय, ते सांगतो. रील उभी असते, रुंदी 1080 आणि उंची 1920 पिक्सेल, म्हणजे नऊला सोळा. कव्हरही त्याच मापाचं. पण प्रोफाइलवरच्या ग्रिडमधली खिडकी आहे तीनास चार. रुंदी तीच 1080 ठेवली, तर उंची उरते 1440. उरलेले 480 पिक्सेल जातात, आणि काही सांगितलं नाही तर चित्राचा मधला भाग धरला जातो. म्हणजे 240 वरून गेले, 240 खालून. वहिनींनी नाव वरच्या बाजूला लिहिलं होतं आणि कापाची रेघ नेमकी शिरोरेषेला लागून गेली. देवनागरीत शिरोरेषेच्या वर जे असतं ते सगळं उडालं. ‘डी’ची वेलांटी गेली, मागे राहिला काना. ‘चे’ची मात्रा गेली, ‘मो’ची मात्रा गेली. इंग्रजी अक्षराचं डोकं थोडं छाटलं तरी शब्द बहुधा ओळखू येतो. आपल्याकडे अक्षर शाबूत राहतं आणि शब्द मात्र दुसराच होतो.

आता कुणी म्हणेल, रील्सच्या वेगळ्या टॅबमध्ये तर नाव नीट दिसत होतं. दिसत होतंच. तिथली खिडकी उभी, नऊला सोळा, तिथे पूर्ण कव्हर दिसतं. म्हणूनच वहिनींना पत्ता लागला नाही. त्यांनी तिथे पाहिलं आणि समाधान मानलं. कव्हर आपण एक करतो, पण ते दोन खिडक्यांतून पाहिलं जातं, आणि त्यांतली मुख्य प्रोफाइलवरची खिडकी आखूड आहे.

ही खिडकी नेहमी अशी नव्हती. 2010 साली इन्स्टाग्राम आलं तेव्हा सगळं चौकोनी होतं, फोटोही आणि ग्रिडही. 2015 मध्ये उभे-आडवे फोटो टाकायची मुभा मिळाली, पण ग्रिडची खिडकी चौकोनीच राहिली. जानेवारी 2025 मध्ये ती उभी झाली. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी कारण दिलं ते साधं होतं. लोक आता टाकतात त्यातलं बहुतेक उभंच असतं, मग ते चौकोनात कशाला छाटायचं? कारण पटण्यासारखं आहे. पण ज्यांनी नऊ खिडक्या जोडून एक मोठं चित्र मांडलं होतं, त्यांच्या भिंतीला एका रात्रीत तडे गेले. माझी त्यांना फारशी सहानुभूती नाही. एक नवी पोस्ट टाकली की सगळ्या खिडक्या एकेक घर पुढे सरकतात आणि ते चित्र तसंही मोडतंच.

खरं नुकसान झालं ते साध्या चौकोनी पोस्टचं. 1080 बाय 1080 चा चौकोन तीनास चारच्या खिडकीत भरला की उंची पूर्ण बसते आणि रुंदीतले फक्त 810 उरतात. डावीकडून 135 गेले, उजवीकडून 135 गेले. कडेपासून कडेपर्यंत लिहिलेल्या मथळ्याचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गायब. रीलच्या जुन्या कव्हरांचं उलटं झालं. ती मधल्या 1080 च्या चौकोनात नीटनेटकी बसवलेली होती. आता वर-खाली 180 पिक्सेलची जास्तीची पट्टी दिसू लागली, आणि त्या पट्टीत जे लपवलं होतं, ओट्यावरचा पसारा, फडकं, अर्धा मिक्सर, ते सगळं पाहुण्यांसमोर आलं.

आता मूळ प्रश्न. कव्हरवर ठेवायचं काय?

आधी कव्हर कोण पाहतं ते बघा. यूट्यूबवर लांब व्हिडिओचं थंबनेल पाहून माणूस ठरवतो की बोट टेकवायचं की नाही. तिथे थंबनेल हे दारावरचं आमंत्रण आहे. रीलचं तसं नाही. स्क्रोल करताना रील समोर येते आणि सुरूच होते. अनोळखी माणसाला कव्हर दिसतही नाही, त्याला दिसतो पहिला सेकंद. कव्हर दिसतं ते मुख्यतः तुमच्या प्रोफाइलवर मुद्दाम आलेल्याला. त्याला कालपरवा पाहिलेले मोदक पुन्हा शोधायचे असतात. म्हणून माझ्या मते कव्हर हे फळीवरच्या बरणीचं लेबल आहे. हळदीच्या बरणीवर ‘हळद’ लिहावं. ‘ही चूक तुम्हीही करता का?’ असं सगळ्या बरण्यांवर लिहिलं, तर बाईने हळद शोधायची कशी? पण हा मजकूर सर्रास दिसतो.

म्हणजे पदार्थाचं नाव आणि पदार्थ. आता पदार्थ कुठून आणायचा? अॅप सांगतं, व्हिडिओतलीच एखादी फ्रेम निवडा. खाली चित्रांची पट्टी येते, त्यावर बोट फिरवायचं. हिशेब करून बघा. पंचेचाळीस सेकंदांची रील, सेकंदाला तीस फ्रेम, एकूण साडेतेराशे. पट्टी फोनवर सहा-साडेसहा सेंटिमीटरची. बोट एक मिलिमीटर हललं की वीस-बावीस फ्रेम उडतात, म्हणजे पाऊण सेकंद. मोदकावर तुपाची धार टेकते तो क्षण त्याहून लहान असतो. तो बोटाने सापडणं नशिबाचा भाग.

आणि सापडला तरी चालेलच असं नाही. वहिनींची रील मी थांबवून थांबवून पाहिली. सुरुवातीला परातीत उकड मळणारे हात. कुठलीही उकड असू शकते, मोदक ओळखू येत नाही. मग पाकळ्या घालताना बोटं मोदकालाच झाकतात. मोदकपात्राचं झाकण उघडलं की वाफेने भिंग धुरकट, सगळं पांढरं. तूप घालताना स्वयंपाकघरात उजेड कमी, त्यामुळे फोनने प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ प्रकाश घेतला, आणि धार हलत असल्याने तिचा झाला पुसट फराटा. हा फराटा चालत्या व्हिडिओत खटकत नाही, उलट हालचाल मऊ वाटते. थांबवलेल्या चित्रात तो डोळ्यात खुपतो. चांगला व्हिडिओ आणि चांगली फ्रेम या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी असतात, त्या अशा. बोलणाऱ्या माणसाच्या रीलमध्ये तर अर्धे मिटलेले डोळे आणि उघडं तोंड, हे ठरलेलं.

उपाय एकच. पदार्थ ताटात वाढून झाला की कॅमेरा बंद करायच्या आधी कव्हरसाठी वेगळा फोटो काढायचा. तो गॅलरीतून कव्हर म्हणून लावता येतो. काहीजण हेच चित्र व्हिडिओच्या शेवटी अर्धा सेकंद चिकटवतात आणि तिथून फ्रेम निवडतात. ज्या अॅपमध्ये वेगळं चित्र घेता येत नाही तिथे दुसरा मार्ग नसतो, पण रील संपली की परत सुरू होते, आणि दर फेरीला ते चित्र डोळ्यासमोर टचकन चमकून जातं. मला ते सोसवत नाही.

पण वेगळ्या फोटोतही एक सापळा आहे, आणि वहिनी दुसऱ्या वेळी त्यात सापडल्या. बहुतेक फोनचा साधा फोटो मुळातच तीनास चार असतो. वाटतं, ग्रिडही तीनास चार, म्हणजे जुळलं! जुळत नाही. कव्हर आधी नऊला सोळा व्हावं लागतं. समजा फोटो 3000 बाय 4000 आहे. नऊला सोळा करायला दोन्ही बाजूंनी 375 कापले, रुंदी राहिली 2250. मग ग्रिडसाठी वर-खाली पाचपाचशे कापले, उंची राहिली 3000. फोटो निघाला तीनास चार, खिडकीही तीनास चार, आणि मधल्या मध्ये जवळजवळ निम्मं चित्र कात्रीत गेलं. ताटातले पाच मोदक काढले होते, ग्रिडवर उरला एक आणि दोन अर्धे. म्हणून कव्हरचा फोटो काढताना दोन पावलं मागे सरकायचं. ताटाभोवती एरवी ओकीबोकी वाटेल एवढी जागा सोडायची. ती कात्रीचा वाटा.

अक्षरांचंही माप सांगतो. फोनवर तीन खिडक्या ओळीने, म्हणजे एक खिडकी जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर रुंद. कव्हर तिथे एक तृतीयांश होतं. साठ पिक्सेल उंचीचं अक्षर वीस पिक्सेलचं उरतं, सव्वा मिलिमीटरच्या आसपास. त्यात अनुस्वार दिसत नाही, ‘भ’ आणि ‘म’ एकच वाटतात, ‘घ’ आणि ‘ध’ सख्खे भाऊ. मी मात्रा सोडून अक्षराची नुसती उंची एकशे वीस तरी धरायला सांगतो, टाइप जाड, एका ओळीत एकच शब्द. दोन ओळींत अंतर सैल हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. आणि सगळा मजकूर वरून आणि खालून 240 सोडून आत, मात्रेसह. शिरोरेषा आत आहे म्हणून निश्चिंत राहू नका. खालच्या डाव्या कोपऱ्यावर किती जणांनी पाहिलं तो आकडा येतो, वर उजवीकडे रीलची किंवा पिनची खूण. तिथे काही ठेवू नये.

कात्री थोडी आपल्या हातातही दिली आहे. कव्हर निवडताना प्रोफाइलवर दिसणारा तुकडा वेगळा दाखवतात आणि तो वर-खाली सरकवता येतो. वहिनींनी त्या दिवशी तो साठेक पिक्सेल वर नेला असता तरी मोदक सुटला असता. पण वर जेवढं मिळवाल तेवढं खाली गमवाल, ताटाचा काठ गेलाच असता.

आधीच टाकलेल्या रीलचं कव्हरही बदलता येतं. तीन ठिपक्यांवरून संपादनात जायचं, व्हिडिओ काढून पुन्हा टाकावा लागत नाही, आकडे आणि प्रतिक्रिया जागेवर राहतात. शंभर जुनी कव्हरं बदलत बसू नका. पिन केलेल्या तीन आधी घ्या, मग सणाच्या. वहिनींनी गौरीच्या आदल्या संध्याकाळी ‘उकडीचे’ वर आणि ‘मोदक’ खाली असं दोन ओळींत, ताटाच्या पोटावरच लिहून नवं कव्हर लावलं. ग्रुपवर मात्र त्या पदार्थाला अजून जुन्याच नावाने मागणी येते.