विमापत्रावरील तारीख आणि संरक्षणाची तारीख
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे २०२५ साली एक अर्ज आला. अर्जदार आपल्यापैकीच एक दुकानदार गृहस्थ. त्यांच्या पत्नीस दहा वर्षांपासून मधुमेह. ऑगस्टमध्ये पायास जखम झाली, ती चिघळली आणि दोन बोटे काढावी लागली. खर्च २ लाख ४० हजार रुपये झाला. घरी आरोग्यविमा होता, हप्ते वेळेवर भरलेले होते. तरीही कंपनीने दावा नाकारला. गृहस्थांनी आम्हांस विचारले, “गेल्या साली डेंग्यू झाला तेव्हा याच कंपनीने बिनतक्रार पैसे दिले. मग आताच विमा कोठे गेला?”

आम्ही विमापत्र मागवून बसून वाचले. कंपनीने अन्याय केला असावा, अशा समजुतीने वाचावयास घेतले. परंतु वाचून झाल्यावर निराळीच गोष्ट ध्यानात आली. तीच आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

विमापत्राच्या पहिल्या पानावर आरंभाची तारीख एकच असते. या प्रकरणात ती १ जुलै २०२४ होती. परंतु संरक्षण त्या एका तारखेस सर्वस्वी सुरू होत नाही. अपघाताचे संरक्षण पहिल्या दिवसापासून असते. नव्याने उद्भवलेल्या आजाराचे संरक्षण पहिले ३० दिवस लोटल्यावर सुरू होते. मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या काही नेमून दिलेल्या आजारांसाठी आणखी निराळी मुदत असते. बहुधा ती दोन वर्षांची असते. आणि विमा घेण्यापूर्वीपासून असलेल्या आजारासाठी सर्वांत दीर्घ प्रतीक्षाकाल असतो. घर एकच, पण त्याचे दरवाजे निरनिराळ्या दिवशी उघडतात. डेंग्यू नोव्हेंबर २०२४ मध्ये झाला, तेव्हा तीस दिवस केव्हाच उलटले होते, म्हणून पैसे मिळाले. त्या एका दाव्यावरून कुटुंबाचा असा समज झाला की सारेच दरवाजे उघडे आहेत.

आता या दीर्घ मुदतीविषयी. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार पूर्वीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षाकाल ३६ महिन्यांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. त्यापूर्वी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती. कंपनीने याहून कमी मुदत ठेवली तर ती तिची इच्छा; म्हणून स्वतःच्या विमापत्रातील आकडा पाहावा. पूर्वीपासूनचा आजार कोणता, हेही ठरलेले आहे. विमा सुरू होण्याच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी ज्याचे निदान केले, अथवा ज्यासाठी सल्ला वा उपचार सांगितला किंवा घेतला गेला, तो. शरीरात लपून असलेला, परंतु कोणास ठाऊक नसलेला आणि ज्याचा उपचारही झालेला नाही असा आजार या व्याख्येत बसत नाही. उलट, रोज सकाळी एक गोळी घेऊन ‘आता काही त्रास नाही’ असे म्हणणाऱ्याचा रक्तदाब मात्र निश्चितपणे बसतो.

या कलमातील एका शब्दाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. वगळलेला असतो तो केवळ मूळ आजार नव्हे, तर त्याचे ‘प्रत्यक्ष उपद्रव’ही. मधुमेही रुग्णाच्या पायाची न भरणारी जखम हा मधुमेहाचाच उपद्रव होय. त्याच बाईंचा हात मोटारीच्या धक्क्याने मोडला असता, तर मधुमेहाकडे बोट दाखवून दावा नाकारता आला नसता. म्हणून नकाराचे पत्र आले म्हणजे पहिला प्रश्न हा विचारावा: ज्या आजाराचे नाव कंपनी घेते, त्यापासूनच हे दुखणे प्रत्यक्ष उद्भवले काय? संबंध दूरचा असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे तसे लेखी मत घ्यावे, कंपनीच्या तक्रार-विभागास लिहावे आणि तेथे समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. आमच्या प्रकरणात मात्र संबंध उघड होता.

मग या कुटुंबास मधुमेहाचे संरक्षण केव्हा मिळेल? विमापत्रातील मुदत ३६ महिन्यांची आहे. ती ३० जून २०२७ रोजी पुरी होईल आणि १ जुलैपासून दरवाजा उघडेल. परंतु येथेही एक गुंतागुंत आहे. प्रथम विमारक्कम ३ लाख होती. जुलै २०२५ च्या नूतनीकरणाच्या वेळी ती ५ लाख केली. वाढविलेल्या २ लाखांपुरता प्रतीक्षाकाल त्या दिवसापासून नव्याने मोजला जातो. म्हणजे १ जुलै २०२७ नंतर मधुमेहाच्या उपचारास ३ लाखांपर्यंतच आधार, आणि पुरे ५ लाख १ जुलै २०२८ पासून. रक्कम वाढवू नये, असा याचा अर्थ नव्हे; वाढवावयाचीच असेल तर प्रकृती बरी असताना, लवकर वाढवावी.

हे सारे महिने अखंड मोजले जातात. वार्षिक हप्त्याची तारीख चुकली तर ३० दिवसांची सवलत असते. त्या अवधीत हप्ता भरल्यास जुने महिने टिकतात. मात्र मधल्या दिवसांत आजारपण आल्यास संरक्षण नसते. सवलतही उलटली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कंपनी बदलावयाची झाल्यास जुना विमा सोडून नवा घेऊ नये. मुदत संपण्यापूर्वी पुरेसे दिवस अगोदर पोर्टेबिलिटीचा अर्ज करावा. म्हणजे काढलेले महिने जुन्या रकमेपुरते नव्या कंपनीकडे जमेस धरले जातात.

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक. प्रतीक्षाकाल संपल्यावर संरक्षण मिळते ते प्रस्तावपत्रात सांगितलेल्या आणि कंपनीने स्वीकारलेल्या आजारास. जो सांगितलाच नाही, त्याच्यासाठी ३६ महिने लोटूनही दरवाजा उघडत नाही. ‘लिहू नका, हप्ता वाढेल’ असा सल्ला काही विमा-प्रतिनिधी देतात. सही मात्र आपली असते. पुढे इस्पितळात दाखल होताना डॉक्टर विचारतात आणि मुलगा सहज सांगतो, “आईला दहा वर्षांपासून साखर आहे.” तेच वाक्य कागदावर उतरते आणि कंपनीच्या हाती पडते. मग केवळ दावाच नव्हे, विमापत्रही रद्द होऊ शकते. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर माहिती दिली नाही या कारणास्तव दावा नाकारता येत नाही, हे खरे. परंतु सिद्ध झालेल्या फसवणुकीस तेथेही क्षमा नाही. आणि पाच वर्षे दुखणे थांबून राहील, याची हमी कोण देणार?

आमच्या या गृहस्थांनी मधुमेह प्रामाणिकपणे लिहिला होता. त्यामुळे त्यांचा दावा गेला, पण विमा राहिला, आणि झालेले महिनेही शिल्लक राहिले. निधीतून आम्ही त्यांस यथाशक्ति साहाय्य केले व एकच विनंती केली, की रागाच्या भरात हप्ता बंद करू नये. त्यांनी ती मानली. आता त्यांच्या दुकानातील दिनदर्शिकेशेजारी एक चिठ्ठी चिकटविलेली आहे. तीवर दोन तारखा आहेत: १ जुलै २०२७ आणि १ जुलै २०२८. आपणही घरी गेल्यावर विमापत्र उघडून आपापल्या तारखा अशाच लिहून ठेवाव्यात, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.